वाटून घेतलेला गोंगाट

2025 च्या सप्टेंबर महिन्यात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची कमाल मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली, तेव्हा वृत्तपत्रांतून जी चर्चा झाली ती बहुतेक वेतनाची, गुंतवणुकीची आणि साप्ताहिक सुटीची होती. परंतु ज्या तक्त्याच्या आधारे घणाखाली आणि भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाची पाळी आम्ही आयुष्यभर आखीत आलो, तो तक्ता आठव्या तासाशी संपतो, याची आठवण कोणी केल्याचे माझ्या वाचनात आले नाही. ज्याने अशा पाळ्या आखण्यात उमेदीचा काळ घालविला, त्याला हे मौन बोचावे यात नवल नाही. आणि म्हणूनच हा मागोवा.

फार मागे जाण्याचे प्रयोजन नाही. व्हेनिसच्या तांबटांचे कान ठोक्यांनी बधिर होतात हे रामाझ्झिनीने अठराव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेविले होते, आणि ग्लासगोच्या बॉयलर बांधणाऱ्यांचे श्रवण थॉमस बार याने 1886 मध्ये तपासले होते. आपला कारखाने अधिनियम 1948 चा. पण त्यानंतरची तीनेक दशके आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात बहिरेपण हा फोर्ज शॉपमधील नोकरीचा दाखलाच समजला जाई. हॅमरमन मोठ्याने बोलतो, घरी रेडिओ मोठा लावतो, हे कौतुकाने सांगितले जाई. त्या वर्षांविषयी मला अधिक लिहावेसे वाटत नाही.

लिहावेसे वाटते ते ऐंशीच्या दशकाविषयी. 1984 च्या डिसेंबरात भोपाळ घडले, 1987 मध्ये अधिनियमाची मोठी दुरुस्ती झाली, सुरक्षा समितीवर कामगारांचे प्रतिनिधी बसविणे बंधनकारक झाले, आणि आजवर ज्याला शॉपमध्ये कोणी खुर्ची देत नसे त्या सुरक्षा अधिकाऱ्याला अकस्मात दफ्तर, कारकून आणि एक काटेदार ध्वनिमापी मिळाला. तो अधिकारी त्या काळी मी होतो. नियमांतला तक्ता अमेरिकेच्या 1969 च्या तक्त्याच्या वळणाचा होता आणि त्याची रचना समजण्यास सोपी होती: 90 डेसिबलला 8 तास, 95 ला 4, 100 ला 2, 105 ला 1, म्हणजे दर पाच डेसिबलला हक्काची वेळ निम्मी, आणि 115 च्या वर क्षणभरही नाही. एकच माणूस दिवसात अनेक ठिकाणी काम करीत असेल, तर प्रत्येक ठिकाणी घालविलेल्या वेळेला तेथील हक्काच्या वेळेने भागावयाचे, आणि साऱ्या भागाकारांची बेरीज एकाच्या वर जाऊ द्यावयाची नाही.

माणसे फिरवावी, ही कल्पना या बेरजेतूनच आली. यंत्र शांत करण्यास भांडवल लागते, माणूस हलविण्यास नुसता हुकूम पुरतो. म्हणून ती व्यवस्थापनाला तत्काळ पटली. आमच्या एका ड्रॉप हॅमरपाशी चौघांची टोळी असे. हॅमरपाशी 100 डेसिबल, ट्रिमिंग प्रेसवर 95, ग्राइंडिंगला 92, आणि विटांच्या भिंतीपलीकडच्या तपासणीच्या मेजावर 82. उत्पादन विभागाच्या प्रमुखांनी एका सायंकाळी तक्ता आखून माझ्यासमोर ठेविला: प्रत्येकाने प्रत्येक जागी दोन तास. हॅमरचे दोन तास म्हणजे दोन भागिले दोन, बरोबर एक. म्हणजे नियम पाळला, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यावर त्यांना माझी स्वाक्षरी हवी होती. परंतु हॅमरवरून उतरलेला माणूस कान घरी ठेवून ट्रिमिंगवर जात नाही. तेथल्या दोन तासांचे चाराने भागून अर्धे, ग्राइंडिंगच्या दोन तासांचे सहाने भागून एक तृतीयांश, एकूण 1.83, म्हणजे एका दिवसात जवळजवळ दोन दिवसांचा गोंगाट, आणि तोही आता एकाऐवजी चौघांच्या वाट्याला. मी स्वाक्षरी केली नाही. तो तक्ता माझ्या स्वाक्षरीवाचूनच फलकावर लागला, आणि निरीक्षक आले त्या दिवशी आदर्श व्यवस्था म्हणून दाखविला गेला, हे मी आजही विसरलेलो नाही.

खरा हिशेब मांडला तर चित्र असे होते की, माणसाने हॅमरवर एक तास आणि ट्रिमिंगवर एक तास काढला, तर बेरीज पाऊण येते, आणि उरलेले सहा तास त्याला 90 च्या पुष्कळ खाली, खरोखर शांत जागी काम द्यावे लागते. म्हणजे एका हॅमरला पाळीत आठ हॅमरमन हवेत, आणि त्यांतल्या सहा जणांना दर तासाला शांत काम हवे. फोर्ज शॉपमध्ये शांत काम असते किती? आणि सांडशीत धरलेला तांबडा लाल जॉब डायमध्ये नेमका बसविण्याचे कसब आठ जणांपाशी कोठून आणावे? जे तयार नव्हते त्यांना तक्ता भरण्यासाठी उभे केले, की जॉब उडे, बोटे चेंगरत. शिवाय मजुरीचा प्रश्न होताच. हॅमरवरचा ज्येष्ठ कामगार समितीच्या बैठकीत मला म्हणाला, "साहेब, मला हॅमरवरून उतरवाल, पण माझा भत्ता आणि टनावरचा बोनस कोणाच्या नावावर चढवाल?" युनियनचा फिरत्या पाळीला जो विरोध झाला, त्याला आडमुठेपणा म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर कधी दिले नाही. भत्ता जागेला न देता टोळीला समान द्यावा, ही आमची मागणी मान्य होण्यास त्या दशकाचा बराच भाग खर्ची पडला, आणि ती मान्य झाल्यावर विरोध आपोआप मावळला.

भट्टीचा हिशेब वेगळा, हे तर व्यवस्थापनाला अखेरपर्यंत उमगले नाही. गोंगाटाचा जमाखर्च दिवसाचा असतो, उष्णतेचा तासाचा. ओल्या कापडाच्या तापमापीचे सात दशांश आणि काळ्या तांब्याच्या गोळ्यातील तापमापीचे तीन दशांश मिळून जो अंक येतो, त्याची कामाच्या तासाभरातली सरासरी पाहावयाची असते. अमेरिकी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या त्या काळच्या तक्त्यात मध्यम श्रमाच्या अखंड कामाला 26.7 अंश ही सीमा होती, आणि अर्धा तास काम व अर्धा तास विश्रांती असेल तर 29.4. याचा अर्थ असा की, भट्टीच्या तोंडाशी माणसाला सकाळचे चार तास ठेवून दुपारचे चार तास गार जागी पाठविणे, ही गोंगाटाच्या तक्त्यात शोभणारी फिरती पाळी उष्णतेच्या दृष्टीने निरुपयोगी. दुपारच्या गारव्याने सकाळी दहा वाजता आलेली घेरी परत जात नाही. येथे बदल घड्याळाच्या वीस-तीस मिनिटांनी व्हावा लागतो. आणि उतरलेल्या माणसाने बसावे लागते. त्याला ग्राइंडिंगला उभे केले, तर त्याचे शरीर स्वतःच उष्णता उत्पन्न करीत राहते आणि कान गोंगाटात पडतात ते वेगळेच. आमच्या शॉपमध्ये नेमके हेच होई: भट्टीचा तक्ता एका कारकुनाकडे, गोंगाटाचा दुसऱ्याकडे, आणि एकातील विश्रांतीची जागा दुसऱ्यातील धोक्याची.

यांत आणखी एक खोच होती. उष्णतेला शरीर सरावण्यास आठवडा ते पंधरवडा लागतो, आणि तितक्याच काळाच्या खंडाने तो सराव मोडतो. महिन्यामहिन्याने भट्टीची माणसे पालटण्याची जी पद्धत एका व्यवस्थापकाने न्यायाच्या नावाखाली चालू केली, तिच्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भट्टीसमोर न सरावलेली माणसे उभी राहत, आणि मे महिन्यात गावाकडची लग्ने उरकून परतलेला कामगार पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी करी. पायांत गोळे येणे, मळमळ, आणि घाम थांबून बडबड सुरू होणे, ही चिन्हे त्या आठवड्यांत अधिक दिसत. प्रथमोपचाराच्या खोलीतील नोंदवही कोणीही उघडून पाहावी, इतके ते उघड होते.

त्या दशकात जे काही खरे साधले, ते फिरवण्याने नव्हे. डायवरची खपली उडविण्यासाठी ट्रिमिंगच्या बाजूला जो दाबाच्या हवेचा उघडा झोत वापरीत, त्याला शांतक तोटी बसविली आणि प्रेसच्या हवेच्या निकासाला सायलेन्सर लावला. 95 चे 90 झाले. पाच डेसिबल उतरताच तेथील हक्काची वेळ चार तासांवरून आठ झाली, तीही साऱ्या टोळीला आणि तिन्ही पाळ्यांना एकदम. भट्टीच्या दाराला साखळ्यांचा पडदा आणि पुढे चकचकीत पत्रा उभा केला, तेव्हा काळ्या गोळ्याचा पारा जो खाली आला, तो कोणत्याही तक्त्याने आणला नव्हता. फिरती पाळी ही अशी सुधारणा होईपर्यंतची तात्पुरती तरतूद म्हणून मला मान्य होती, आणि आहे. कारण 90 डेसिबल ही सीमाच मुळी निर्धोक नाही: चाळीस वर्षांच्या नोकरीत त्या पातळीवर सुमारे 25 टक्के कामगारांना केवळ गोंगाटापायी श्रवणदोष जडतो, आणि 85 वर सुमारे 8 टक्के, असा अंदाज अमेरिकेच्या राष्ट्रीय औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने 1998 मध्ये प्रसिद्ध केला. मग एका माणसाचा अतिरेक चौघांत वाटून चौघांनाही त्या सीमेपर्यंत भरून ठेवणे म्हणजे एकाचे निश्चित बहिरेपण चौघांच्या संभाव्य बहिरेपणात बदलणे होय. त्यातही 4000 हर्ट्झच्या आसपासची जी खाच श्रवणालेखात प्रथम उमटते, ती नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतच बहुतेक पुरी खणली जाते. म्हणून नवी तरुण माणसे सतत गोंगाटात आणीत राहणे हे जुन्याला वाचविण्याचे स्वस्त साधन नाही.

आणि आज चालले आहे ते नेमके हेच, फक्त फाटकाच्या बाहेरून. कंत्राटदाराची मुले काही महिने हॅमरपाशी राहतात आणि मस्टरवरून नाहीशी होतात. त्यांच्या जागी दुसरी येतात. भरतीच्या वेळचा श्रवणालेख नाही, सुटण्याच्या वेळचा नाही, त्यामुळे खाच पडली की नाही, आणि पडली तर कोणत्या कारखान्यात, हे सिद्ध करण्याचे साधनच उरत नाही. आमच्या काळी नावे तरी ठरलेली असत; पाळी सुरू होण्यापूर्वी, रात्रभराच्या शांततेनंतर कान तपासता येत, आणि दोन वर्षांचे आलेख शेजारी ठेवून मुकादमाला जाब विचारता येई.

त्यात आता बारा तास. तक्त्याचाच नियम पुढे चालविला, तर बारा तासांच्या दिवसाला 90 ऐवजी सुमारे 87 डेसिबल एवढीच मुभा निघते. आमच्या टोळीचा तो जुना तक्ता, चारही जागी तीन-तीन तास धरून, 1.83 वरून 2.75 वर जातो. आणि कानाला सावरण्यासाठी मिळणारे सोळा तास बारावर येतात, त्यांतले प्रवासाचे वेगळेच. शिवाय तीन पाळ्यांच्या दोन पाळ्या झाल्या, की हॅमरचा जो गोंगाट एका दिवसात बारा माणसांत वाटला जाई, तो आठ जणांत वाटला जाणार. आठवड्याचे तास तेच राहतील, हे उत्तर येथे लागू पडत नाही. सीमा दिवसाची आहे, आणि भट्टीपाशी तर तासाची. बारा तासांची पाळी मागणाऱ्या प्रत्येक फोर्ज शॉपने आपल्या जागांची मोजलेली पातळी, प्रत्येकाच्या भागाकारांची बेरीज आणि मागील दोन वर्षांचे श्रवणालेख अर्जासोबत जोडावेत, आणि ती बेरीज बारा तासांवर एकाच्या वर जात असेल तर परवानगी नाकारावी, एवढी अट घालण्यास नवा कायदा लागत नाही.