हिरव्या गोलातले नऊ ठिपके

२४ सप्टेंबर २००७. जोहान्सबर्गचं वाँडरर्स मैदान, पहिल्या टी-२० विश्वचषकाची अंतिम लढत. पाकिस्तानला शेवटच्या चार चेंडूंत सहा धावा हव्या होत्या आणि हातात एकच गडी होता. समोर मिस्बाह-उल-हक, चेंडू जोगिंदर शर्माकडे. मिस्बाह ऑफ स्टंपच्या बाहेर सरकला आणि त्यानं चेंडू यष्टिरक्षकाच्या बाजूनं, स्वतःच्या पाठीमागे उचलला. चेंडू वर गेला, पण लांब गेला नाही. खाली श्रीशांत उभा होता. पाकिस्तानचा डाव १५२ धावांवर संपला आणि भारत पाच धावांनी जिंकला.

श्रीशांत ज्या जागी होता तिला शॉर्ट फाइन लेग म्हणतात. नव्या प्रेक्षकाला हे नाव ऐकून काहीच बोध होत नाही. पण सामना चालू असताना पडद्यावर येणारं ते चित्र, म्हणजे हिरवा लंबगोल, मधोमध पट्टी आणि विखुरलेले ठिपके, एकदा वाचता आलं की मिस्बाहनं नेमका तोच फटका का निवडला हे कळतं.

चित्र समोर आलं की आधी खेळपट्टीचं फलंदाजाकडचं टोक शोधावं. यष्ट्यांमागे एकटा ठिपका असतो तो यष्टिरक्षक, समोरच्या टोकाला गोलंदाज. काही चित्रांत फलंदाज खाली असतो, काहींत वर, म्हणून 'डावीकडे अमुक, उजवीकडे तमुक' असं पाठ केलेलं फसतं. त्याऐवजी फलंदाज उभा कसा राहतो ते आठवावं. त्याची छाती ज्या बाजूला ती ऑफ, पाठ ज्या बाजूला ती लेग. डावखुरा फलंदाज आला की दोन्ही बाजूंची अदलाबदल होते. म्हणूनच एक धाव निघून उजव्याजागी डावखुरा समोर आला की सगळे क्षेत्ररक्षक मैदानभर चालताना दिसतात.

आता नावं. ती दोन भागांची असतात. एक भाग दिशा सांगतो, दुसरा अंतर. ऑफ बाजूला यष्टिरक्षकाच्या शेजारून निघून गोलंदाजाच्या दिशेनं वळत गेलं, की स्लिप, मग पॉइंट, कव्हर आणि शेवटी गोलंदाजाजवळ मिड-ऑफ. पॉइंट फलंदाजाच्या साधारण काटकोनात येतो. तिथून गोलंदाज ओलांडून लेग बाजूला गेलं की मिड-ऑन, मिडविकेट, पुन्हा काटकोनात स्क्वेअर लेग आणि फलंदाजाच्या पाठीमागे फाइन लेग. अंतरासाठी मोजकेच शब्द आहेत. 'डीप' किंवा 'लाँग' म्हणजे सीमारेषेजवळ, 'शॉर्ट' म्हणजे नेहमीपेक्षा आत आणि 'सिली' म्हणजे बॅटच्या अगदी तोंडाशी. तेव्हा शॉर्ट फाइन लेग म्हणजे लेग बाजूला, फलंदाजाच्या पाठीमागे, पण सीमारेषेवर नव्हे तर आत. एवढं उलगडलं की बाकीची नावं स्वतःच लावता येतात.

पण श्रीशांत आत का होता? सीमारेषेवर उभा असता तर चौकाराची भीतीच नव्हती. त्याचं उत्तर चित्रातल्या आतल्या रेषेत आहे. दोन्ही टोकांच्या मधल्या यष्टीपासून ३० यार्डांचे अर्धगोल काढून ते सरळ रेषांनी जोडलेले असतात. सगळे त्याला सरसकट 'वर्तुळ' म्हणतात. टी-२० मध्ये पहिल्या सहा षटकांत या रेषेबाहेर फक्त दोन क्षेत्ररक्षक ठेवता येतात, पुढे जास्तीत जास्त पाच. यष्टिरक्षक आणि गोलंदाज सोडले तर कर्णधाराकडे नऊच माणसं उरतात. पाच बाहेर गेली की चार आत ठेवावीच लागतात.

समजा, अखेरच्या षटकात उजव्या फलंदाजासमोर वेगवान गोलंदाज आहे आणि पडद्यावर हे चित्र आलं. बाहेरचे पाच ठिपके लाँग-ऑफ, लाँग-ऑन, डीप मिडविकेट, डीप स्क्वेअर लेग आणि डीप कव्हर. आतले चार शॉर्ट थर्ड मॅन, पॉइंट, कव्हर आणि शॉर्ट फाइन लेग. समोर आणि दोन्ही बाजूंना बंदोबस्त पक्का आहे. उघडी जागा आहे ती फलंदाजाच्या पाठीमागे, आतल्या दोघांच्या डोक्यावरून. कर्णधाराचा हिशेब असा, की चेंडू पायाशी, यष्ट्यांवर टाकला तर बॅट समोरच्या दिशेनंच फिरेल आणि मागे उचलायला फलंदाजाला जोखीम घ्यावी लागेल. मिस्बाहनं ती जोखीम घेतली. चेंडू श्रीशांतच्या डोक्यावरून गेला असता तर मागे अडवणारं कुणी नव्हतं.

असं चित्र पाहताना ठिपके मोजायची सवय लावावी. लेग बाजूला पाचांपेक्षा जास्त नाहीत ना? त्या बाजूला काटकोनाच्या रेषेमागे, यष्टिरक्षक सोडून, दोघांपेक्षा जास्त नाहीत ना? बाहेर पाचच आहेत ना? यातलं एकही चुकलं तर पंच नोबॉल देतात आणि मर्यादित षटकांच्या सामन्यात पुढचा चेंडू फ्री हिट होतो. कधी शेवटच्या षटकांत बाहेर चारच ठिपके दिसतात. ही बहुधा शिक्षा असते. २०२२ पासून आंतरराष्ट्रीय टी-२० मध्ये षटकं वेळेत पूर्ण करण्यात मागे पडलेल्या संघाला उरलेल्या चेंडूंसाठी एक माणूस आत आणावा लागतो. त्याच वर्षी आशिया चषकात भारत-पाकिस्तान सामन्यात दोन्ही संघांना हा भुर्दंड बसला होता.

चित्राची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ते एका क्षणाचं असतं. गोलंदाज धावत येईपर्यंत कुणी चार पावलं आत येतं, कुणी मागे सरकतं, म्हणून लांबून दाखवलेल्या दृश्याशी ते ताडून पाहावं.

टी-२० च्या चित्रात 'सिली' किंवा 'शॉर्ट लेग' हे ठिपके सहसा दिसत नाहीत. कसोटीत, फिरकी गोलंदाज असताना, ते दिसतात. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर ज्यांचे वडील मैदानाची देखभाल करत, त्या एकनाथ सोलकरांची ही जागा. हेल्मेट न घालता ते फलंदाजापासून काही फुटांवर फॉरवर्ड शॉर्ट लेगला वाकून उभे राहत. १९७१ मध्ये ओव्हल कसोटीत वेंकटराघवनच्या चेंडूवर अ‍ॅलन नॉटचा झेल त्यांनी पुढे झेपावून जमिनीलगत टिपला. इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला आणि भारतानं इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी जिंकली. २७ कसोटींत सोलकरांचे ५३ झेल आहेत. त्या जागी चेंडू बघून हालचाल करायला वेळच नसतो. फलंदाजाच्या बॅटवर आणि पायांवर डोळे रोखून आधीच ताडावं लागतं.

याच्या उलट टोकाचा ठिपका २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये होता. दक्षिण आफ्रिकेला सहा चेंडूंत १६ धावा हव्या होत्या. गोलंदाज हार्दिक पंड्या, फलंदाज डावखुरा डेव्हिड मिलर. म्हणजे छाती दुसऱ्या बाजूला, आणि लाँग-ऑफही दुसऱ्या बाजूला. पहिलाच चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर फुलटॉस पडला. मिलरनं तो समोर उंच मारला. लाँग-ऑफवरून सूर्यकुमार यादव सीमेलगत धावत आला, त्यानं झेल घेतला, तोल जाताना चेंडू वर उडवला, दोरीपलीकडे गेला आणि परत आत येऊन तो पकडला.