पांढरा रंग आला की पडदा काळा

एका वाचकाने पत्रातून विचारलेला प्रश्न फार सुरेख आहे. शाळेने मोडीत काढलेला जुना प्रोजेक्टर त्यांनी घरी आणला. त्याला फक्त निळ्या रंगाचं, पंधरा पिनांचं व्हीजीए सॉकेट. मुलाकडे प्लेस्टेशन ४ स्लिम, आणि त्याला फक्त एचडीएमआय. बाजारातून अंगठ्याएवढा कन्व्हर्टर आणून जोडला, आणि भिंतीवर चित्र उमटलं. पण खेळात बर्फाचा डोंगर आला, किंवा पांढरा मेनू उघडला, की चित्र गुल. दोन-तीन सेकंदांनी परत येतं, पुन्हा जातं. रात्रीचं, अंधाराचं दृश्य असेल तर तासभर काही होत नाही. शिवाय आवाज मुळीच नाही. ‘कन्व्हर्टर खराब आहे का?’ असं त्यांनी विचारलंय.

कन्व्हर्टर बहुधा धडधाकट आहे, तो उपाशी आहे एवढंच. चित्र जाण्याचा संबंध थेट पांढऱ्या रंगाशी आहे, हे त्यांनी बरोबर हेरलं. निदानाचा अर्धा रस्ता तिथेच संपतो.

एचडीएमआयच्या केबलमधून आकडे जातात. अमुक ठिपक्याला तांबडा इतका, हिरवा इतका, निळा इतका. व्हीजीएच्या केबलमधून आकडे जात नाहीत, विजेचा दाब जातो. तीन रंगांच्या तीन तारा, आणि प्रत्येक तारेवर शून्य व्होल्ट म्हणजे काळा, ०.७ व्होल्ट म्हणजे त्या रंगाचा पुरा उजेड. दोन वेगळ्या तारांवरून ‘ओळ संपली’ आणि ‘पान संपलं’ अशा खुणा जातात. तेव्हा आकड्याचा दाब करणारी चिप मध्ये लागतेच. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला व्हीजीए आणि मध्ये नुसती तार अशा केबली सर्रास विकल्या जातात. प्लेस्टेशनसाठी त्या निव्वळ निरुपयोगी. व्हीजीएवरून एचडीएमआयकडे नेणारे कन्व्हर्टरही दिसायला तसेच असतात, पण ते उलट्या दिशेने चालत नाहीत. घेताना डबीवरची दिशा वाचून घ्यावी.

या चिपचा इतिहास मला मोठा लोभस वाटतो. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणलं, तेव्हा हे रूपांतर संगणकाच्या पोटातच होत असे. ते करणारी चिप होती इन्मॉस या ब्रिटिश कंपनीची, नाव जी१७१. प्रत्येक रंगाच्या ६४ छटा, म्हणजे एकूण २,६२,१४४ रंग, आणि त्यातले २५६ एका वेळी पडद्यावर. इन्मॉसचं नाव निघतं ते ट्रान्सप्यूटर नावाच्या समांतर प्रोसेसरसाठी. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये बांधलेला परम ८००० हा महासंगणक याच ट्रान्सप्यूटरांवर उभा होता, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. पण त्याच कंपनीच्या रंगांच्या चिपची आठवण कुणी काढत नाही. पुढे तिच्या बरहुकूम चिपा कित्येकांनी बनवल्या आणि जगभरच्या टेबलांवरचे रंग त्यातून उमटले. ट्रान्सप्यूटर इतिहासजमा झाला. जी१७१ चं काम मात्र आज त्या अंगठ्याएवढ्या डबीत चालू आहे. माझ्या मते इन्मॉसचं अधिक टिकाऊ देणं हेच.

आता उपासमारीचा हिशोब. व्हीजीएच्या तारेच्या दोन्ही टोकांना ७५ ओहमचा रोध असतो, एक कन्व्हर्टरकडे आणि एक प्रोजेक्टरकडे. चिपच्या दृष्टीने ते दोन्ही समांतर, म्हणजे मिळून ३७.५ ओहम. त्यावर ०.७ व्होल्ट उभे करायचे तर ओहमच्या नियमाने सुमारे १८.७ मिलिअँपियर प्रवाह लागतो. हा झाला एका रंगाचा. पांढरा म्हणजे तिन्ही रंग पुरे, तेव्हा ५६ मिलिअँपियर. काळ्या पडद्याला यातलं जवळपास काहीच लागत नाही. आणि हा फक्त तारा चालवण्याचा खर्च झाला. आकडे उलगडणाऱ्या भागाचा खर्च वेगळा.

हा प्रवाह येतो कुठून? एचडीएमआयच्या अठराव्या पिनवर ५ व्होल्ट असतात. पण ते टीव्हीची ओळखपत्रिका वाचता यावी एवढ्यापुरते दिलेले आहेत. कन्व्हर्टर चालवणं हा त्यांचा उद्देशच नव्हता. नियमाप्रमाणे यंत्राने तिथे किमान ५५ मिलिअँपियर द्यावेत, आणि पलीकडच्याने ५० च्या वर घेऊ नयेत. म्हणजे पांढरा पडदा एकटाच ती मर्यादा ओलांडतो. पुष्कळ यंत्रं नियमापेक्षा सढळ हाताने देतात. म्हणूनच तोच कन्व्हर्टर एखाद्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालतो, आणि दुकानदार ‘माझ्याकडे तर चाललं’ म्हणतो ते खरं असतं. देणारा हात आखडता असेल तिथे मात्र पांढरं दृश्य येताच ५ व्होल्ट खाली घसरतात आणि चिप बंद पडते. प्लेस्टेशनला वाटतं टीव्ही काढला, म्हणून ते चित्र थांबवतं. भार उतरल्यामुळे दाब पुन्हा वर येतो, चिप जागी होते, नव्याने ओळख पटते. यात दोन-तीन सेकंद जातात, आणि समोर पुन्हा तोच बर्फाचा डोंगर.

उपाय साधा आहे. कन्व्हर्टरच्या कडेला मायक्रो यूएसबीचं बारीक भोक असेल, तर त्यात वेगळे ५ व्होल्ट द्यावेत. बरेच जण ते भोक शोभेचं समजतात. प्लेस्टेशनच्या पुढच्या यूएसबी पोर्टमधून केबल घेतली तरी पुरते, कारण तिथे निदान ५०० मिलिअँपियर मिळतात. मोबाइलचा चार्जरही चालतो, पण प्लेस्टेशनचाच पोर्ट मला बरा वाटतो. दोन्हींची जमीन एकच राहते आणि स्पीकरमधल्या गुणगुणीची शक्यता कमी होते. प्रोजेक्टरच्या मागच्या यूएसबीवर मात्र विसंबू नये, तो कित्येकदा केवळ दुरुस्तीवाल्यांसाठी असतो. ज्या कन्व्हर्टरला असं भोकच नाही, तो या कामाला घेऊ नये. केबल जोडून पांढरा मेनू पाच मिनिटं उघडा ठेवायचा. चित्र टिकलं तर रोग बरा झाला. पांढऱ्या-काळ्याचा भेद न करता चित्र जात असेल, तर सैल केबल शोधावी.

आवाजाचं कोडं याहून गमतीचं. लिहिणारा हात ओळ संपल्यावर पुढच्या ओळीच्या आरंभी येईपर्यंत रिकामा असतो, तसा चित्र रेखाटणाऱ्या संदेशातही प्रत्येक ओळीनंतर आणि प्रत्येक पानानंतर मोकळा वेळ ठेवलेला असतो. जुन्या काचेच्या नळीतल्या इलेक्ट्रॉनांना परत फिरायला तो लागायचा. नळ्या गेल्या, मोकळा वेळ राहिला. ७२० ओळींच्या चित्रात सुमारे एक चतुर्थांश काळ असा रिकामा जातो, आणि एचडीएमआय नेमक्या त्याच काळात आवाजाचे आकडे पाठवतं. व्हीजीएच्या केबलमध्ये त्या वेळी काहीच नसतं, आणि आवाजासाठी निराळी तारही नाही. म्हणून आवाज कन्व्हर्टरमध्येच उतरवून घ्यावा लागतो. ज्याला ३.५ मिलिमीटरचं हेडफोनचं भोक आहे असाच कन्व्हर्टर घ्यावा, आणि त्यातून तार स्पीकरकडे न्यावी.

भोक असूनही आवाज येत नसेल तर दोष बहुधा ओळखपत्रिकेत असतो. प्लेस्टेशन पलीकडच्या यंत्राला विचारतं, तुला काय काय येतं? काही कन्व्हर्टर हा प्रश्न तसाच प्रोजेक्टरकडे ढकलतात. तो बिचारा खरं सांगतो की मला फक्त चित्र येतं. मग प्लेस्टेशन आवाज पाठवतच नाही. चांगला कन्व्हर्टर स्वतःची पत्रिका पुढे करतो आणि त्यात आवाजाची नोंद असते. आवाज बारीक तुकड्यांत येत असेल किंवा खरखरत असेल, तर `Settings > Sound and Screen > Audio Output Settings` मध्ये जाऊन `Audio Format (Priority)` वर `Linear PCM` निवडावं, कारण डॉल्बीची गाठोडी सोडणं या डबीला येत नाही. काहीच जमलं नाही तर शेवटची वाट कंट्रोलरची. त्याच्या हेडफोनच्या भोकात स्पीकरची तार घालून `Output to Headphones` ला `All Audio` करायचं. स्लिमला ऑप्टिकल आउटपुट नाही, त्यामुळे ती आशा धरू नये.

आवाज मिळाला की कधीकधी काळा रंग राखाडी होतो. याला योगायोग म्हणता येणार नाही. पलीकडे टीव्ही आहे असं समजल्यावर प्लेस्टेशन टीव्हीच्या रिवाजाने काळ्याला शून्याऐवजी १६ आकडा देतं. साधा कन्व्हर्टर त्याचा भाबडेपणाने तेवढा दाब करतो, आणि भिंतीवर अंधाराऐवजी धुकं दिसतं. `RGB Range` वर `Full` ठेवलं की ते निवळतं.

चित्राचा आकारही आपणच नेमून द्यावा. असले कन्व्हर्टर चित्र लहान-मोठं करत नाहीत, आलेला ठेका तसाच पुढे देतात. १०८०पी चित्रात सेकंदाला ६७,५०० ओळी येतात, ७२०पीमध्ये ४५,०००. वाचकांचा प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा आहे, आणि त्याची स्वतःची चाल सुमारे ४८,००० ओळींची. म्हणजे ७२०पी त्याला सहज पेलतं. १०८०पीला मात्र कित्येक जुने प्रोजेक्टर ‘सिग्नल मर्यादेबाहेर’ म्हणून पाटी दाखवतात. ७२०पी ठेवल्यावर चित्र १०२४ बाय ५७६ मध्ये बसतं आणि वरखाली ९६-९६ ओळींच्या काळ्या पट्ट्या राहतात. गोल चाक उभट दिसलं तर प्रोजेक्टरचा अंदाज चुकलाय. व्हीजीएत चित्राच्या मापाची पाटी नसते, तो ओळी मोजून तर्क करतो. त्याच्या मेनूत १६:९ निवडावं.

समजा आधीच १०८०पी लागलंय आणि भिंतीवर काहीच दिसत नाही. तर प्लेस्टेशन पूर्ण बंद करून पॉवरचं बटण दाबून धरावं. पहिली बीप होईल, साधारण सात सेकंदांनी दुसरी, तेव्हा बोट काढावं. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडला की सेफ मोडचा मेनू येतो. त्यातल्या `Change Resolution` ने यंत्र ४८०पीवर उतरतं. ही चाल सेकंदाला सुमारे ३१,५०० ओळींची, म्हणजे १९८७ च्या मूळ व्हीजीएचीच. कुठलाही व्हीजीए पडदा ती नाकारत नाही. तिथून हळूच ७२०पीवर चढावं.

एक भिंत मात्र ओलांडता येणार नाही. एचडीएमआयवरून जाणाऱ्या चित्राला एचडीसीपी नावाचं कुलूप लावता येतं, आणि किल्ली फक्त परवानाधारक यंत्रांकडे असते. प्लेस्टेशन ४ मध्ये `Settings > System` मध्ये `Enable HDCP` ची खूण काढली की खेळ बिनकुलपाचे जातात, पण चित्रपटांची ॲप मग चालत नाहीत. प्लेस्टेशन ३ मध्ये तर एचडीएमआयचं कुलूप काढायची सोयच नाही. त्यासाठी तीन रंगांची कॉम्पोनंट केबल हाच मार्ग, प्रोजेक्टरला ती घेता येत असेल तर. आणि घरात जुना एक्सबॉक्स ३६० पडून असेल तर कन्व्हर्टर घेऊच नका. मायक्रोसॉफ्टने त्याच्यासाठी व्हीजीएची स्वतंत्र केबल काढली होती, आणि तिच्यात आवाजाच्या तांबड्या-पांढऱ्या पिनाही आहेत.