एक चित्र, तीन पिना आणि दोन ओळींचा कोड

एखाद्या माहितीपर व्हिडिओतला सपाट रंगांचा मुलगा हात हलवून प्रेक्षकाला बोलावतो, तेव्हा त्या हाताचं चित्र बहुधा एकदाच काढलेलं असतं. हालचाल येते ती सांगाड्यातून. अ‍ॅनिमेशनवाले या सांगाड्याला ‘रिग’ म्हणतात. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये 2007 साली, म्हणजे सीएस3 आवृत्तीत, पपेट टूल आलं आणि असा रिग बांधणं सोपं झालं.

पपेट टूलने चित्रावर पिन ठोकली, की सॉफ्टवेअर त्या चित्रावर त्रिकोणांची अदृश्य जाळी अंथरतं. पिन ओढली की जाळी वाकते. बाकीच्या पिना मात्र आपापली जागा सोडत नाहीत. मधले त्रिकोण शक्य तितका मूळ आकार टिकवत वळतात. हे तत्त्व ताकेओ इगाराशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एका शोधनिबंधात मांडलं होतं. जाळी चित्राच्या रंगवलेल्या भागावरच बसते. त्यामुळे हात धडाला चिकटवून काढला असेल, तर हाताबरोबर पोटही ताणलं जातं. म्हणूनच हात वेगळ्या लेयरवर काढतात.

आपल्या मुलाच्या हाताला तीन पिना लागतील: खांदा, कोपर आणि मनगट. आता मनगटाची पिन खाली एकदा आणि वर एकदा ठेवून कीफ्रेम दिल्या, तर काय होईल? दोन कीफ्रेममध्ये पिन साधारणपणे सरळ रेषेत जाते. खरं मनगट मात्र कोपराभोवती कमानीत फिरतं. सरळ वाटेने जाताना पिन अर्ध्यात कोपराच्या जवळ येते आणि हात आखूड, जाडा दिसतो.

यावर उपाय म्हणजे ‘नल’. नल हा अंतिम व्हिडिओत न दिसणारा, पण हलवता-फिरवता येणारा लेयर. प्रत्येक पिनेच्या जागी एक नल ठेवायचा, मग मनगटाच्या नलाचा पेरेंट कोपराचा नल, कोपराचा खांद्याचा आणि खांद्याचा धडाचा, अशी साखळी जोडायची. कोपराचा नल फिरवला की मनगटाचा नल त्याच्याभोवती कमानीत फिरतो. दोघांमधलं अंतर बदलत नाही, त्यामुळे हाताची लांबीही टिकते.

आता पिनेला नलाशी बांधायचं. नवशिका इथेच अडकतो, कारण दोघांचं मोजमाप वेगळं असतं. पिनेची जागा तिच्या लेयरच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजली जाते, तर पेरेंट नसलेल्या नलाची संपूर्ण फ्रेमच्या कोपऱ्यापासून. समजा, 1920 × 1080 च्या फ्रेममध्ये 400 × 800 चा हाताचा लेयर बरोबर मधोमध आहे. त्याचा कोपरा फ्रेममध्ये (760, 140) वर येतो. मनगटाची पिन लेयरमध्ये (210, 700) वर असेल, तर नल फ्रेममध्ये (970, 840) वर असतो. नलाचे हे आकडे पिनेला जसेच्या तसे दिले, तर मनगट 760 पिक्सेल उजवीकडे आणि 140 पिक्सेल खाली उडतं. नलाला पेरेंट दिला, की त्याची जागा पेरेंटपासून मोजली जाते आणि गोंधळ आणखी वाढतो.

म्हणून पिनेच्या पोझिशनवर हे एक्सप्रेशन लिहितात:

```
var n = thisComp.layer("Wrist");
fromComp(n.toComp(n.anchorPoint));
```

नल संपूर्ण फ्रेममध्ये नेमका कुठे आहे, हे आधी `toComp` काढतं. मग `fromComp` ती जागा हाताच्या लेयरच्या मापात बदलतं. `Wrist` च्या जागी त्या त्या नलाचं नाव घालून तिन्ही पिनांना हेच द्यायचं. रिग तपासायला धडाचा नल हलवून पाहावा. हात ताणला जाऊन त्याचं एक टोक जागीच राहिलं, तर त्या टोकाची पिन बांधायची राहिली आहे.

हात हलवत ठेवायला कीफ्रेमही लागत नाहीत. कोपराच्या नलाच्या रोटेशनवर एवढंच लिहावं:

```
value + Math.sin(time*2*Math.PI)*15
```

`time` सेकंदांत मोजला जातो, त्यामुळे हात दर सेकंदाला एकदा दोन्ही बाजूंना 15 अंश झुलतो.

या रिगची एक मर्यादा आहे. एक्सप्रेशन फक्त जागा पोचवतं, फिरणं नाही. मनगटाचा नल फिरवला तरी पंजा वळत नाही. त्यासाठी पंजावर चौथी पिन ठोकून तिचा नल मनगटाच्या नलाला जोडावा. सीसी 2019 पासून आलेली अ‍ॅडव्हान्स्ड पिन वापरली, तर तिला स्वतःचं रोटेशन असतं.

ही सगळी जोडणी आपोआप करून देणारं ड्युइक हे मोफत साधन मिळतं आणि दोन हात, दोन पाय असलेल्या पूर्ण पात्रासाठी तेच सोयीचं. पहिला हात मात्र हाताने बांधून पाहावा. पुढे कधी पिन फ्रेमबाहेर उडाली, तर आधी तिचे आकडे कुठल्या कोपऱ्यापासून मोजले आहेत ते पाहावं.