छताला लोंबणारा सुळका



बाथरूमच्या छताचे फोटो मिळाले. त्या छतातल्या दिव्याचं बटण दाबू नका आणि त्या लाइनचा एमसीबी आजच खाली करून ठेवा. बाकीचं सवडीने वाचलंत तरी चालेल.

वरचे लोक गावाला गेल्यावरही चार दिवस टपकत होतं आणि मग थांबलं, असं तुम्ही लिहिलंत. फार उपयोगाची गोष्ट सांगितलीत. त्यांच्या बाथरूमचा स्लॅब खोलगट असतो. त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरून वर फरशी बसवलेली असते. झिरपलेलं पाणी या भरावात साठतं आणि वाट मिळेल तिथून सावकाश उतरतं. म्हणजे तुमच्या डोक्यावर कुणाला न दिसणारं एक तळंच आहे! त्यांचा मुख्य व्हॉल्व्ह उघडा असूनही ते आटलं, त्याअर्थी नळाची पाइपलाइन शाबूत असावी. संशय उरतो तो फरशीच्या सांध्यांवर आणि नहाणी ट्रॅपवर.

फोटोतला तो पांढरा सुळका बुरशीचा नाही. काँक्रीटमधला चुना पाण्यात विरघळून खाली येतो आणि थेंब लोंबत असतानाच हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून दगड होतो. गुहेत याच्या उलट घडतं: तिथे थेंबातून तो वायू बाहेर पडतो आणि मग चुनखडी साचते. म्हणून गुहेतला सुळका वाढायला शतकं लागतात, आपला मात्र काही महिन्यांत बोटभर होतो.

बुधवारी प्लंबर वरच्या नहाणीला बूच लावून फरशीवर रंगीत पाणी साठवेल. दोन दिवसांत तुमच्याकडे रंग उतरला, तर दोष फरशीचा. उतरला नाही आणि बूच काढल्यावरच उतरला, तर ट्रॅपचा. नुसत्या ट्रॅपचं काम दोन-तीन दिवसांचं. फरशी उखडावी लागली, तर वॉटरप्रूफिंगचे थर, ते वाळणं, पुन्हा पाणी भरून पाहणं आणि नवी फरशी धरून दहा-बारा दिवस जातील. खर्च वरचे मालक आणि मी बघून घेऊ. तुमच्याकडून काही नको.

गळती थांबली तरी छत लगेच रंगवणार नाही. आतली ओल निघायला तीन-चार आठवडे लागतात, पावसाळी हवेत त्याहून जास्त. घाई केली की रंगाला फोड येतात. छतावर हातभर प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून ठेवू. दुसऱ्या दिवशी आतून दव दिसलं, तर थांबायचं. मधल्या काळात मिस्त्री हातोडीने छत ठोकून बघेल. पोकळ आवाज आला, तर आतली सळई गंजून फुगली असण्याची शक्यता असते. मग तेवढा भाग फोडून दुरुस्त करावा लागेल आणि आठवडाभर वाढेल.

बुधवारी सकाळी दहाला घरी कोणीतरी असू द्या. तोवर पुन्हा टपकू लागलं, तर थेंबाखाली बादली ठेवा आणि ती किती वेळात भरते तेवढं लिहून ठेवा. प्लंबर तेच आधी विचारेल.