मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीची चिठ्ठी

जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळापूर्व तयारी मेळावा झाला की संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर एक संदेश हमखास येतो : ‘मेळावा यशस्वी करण्यासाठी मोलाचे सहकार्य करणाऱ्या सर्व पालकांचे मनःपूर्वक आभार.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि विषय तिथेच संपतो. संदेशात वावगं काहीच नाही. पण तोच संदेश वृक्षारोपणानंतर आणि रक्तदान शिबिरानंतरही जसाच्या तसा चालतो. सकाळपासून टेबलावर बसलेल्या आईला आपण नेमकं काय चांगलं केलं, हे त्यातून कळत नाही. या मेळाव्याच्या बाबतीत ते कळणं गरजेचं असतं, कारण तिचं मोठं काम मेळावा आटोपल्यावर सुरू होणार असतं.

कोरोनाच्या काळात अंगणवाड्या बंद राहिल्या आणि कधी रंगीत खडू हातात न धरलेली मुलं थेट पहिलीच्या दारात उभी राहिली. त्या पार्श्वभूमीवर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘प्रथम’ या संस्थेच्या साथीने हे अभियान सुरू केलं. पहिला मेळावा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आणि दुसरा शाळा उघडताना, असा त्याचा बेत. मधल्या आठवड्यांत वस्तीवरच्या आया गट करून मुलांकडून घरीच छोटे-छोटे खेळ आणि कृती करून घेतात. या माता गटांवर सगळी मदार असते. पहिल्या मेळाव्यात मूल कुठे आहे ते पाहायचं आणि दुसऱ्यात ते कुठवर आलं ते पाहायचं.

मेळाव्यात मूल एकेका टेबलावर जातं. आधी नोंदणी, मग शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषा आणि गणनपूर्व तयारी. शेवटच्या टेबलावर पालकांशी बोलणं होतं. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन साध्या कृती असतात. चुन्याने आखलेल्या रेषेवरून चालायचं, मणी ओवायचे, सारख्या वस्तूंच्या जोड्या लावायच्या, चित्रात काय दिसतं ते सांगायचं, ढिगातून सांगितले तेवढे चिंचोके उचलून द्यायचे. मुलाला काय आपलं आपण जमलं आणि कशाला मदत लागली, याची नोंद विकासपत्रात होते.

आता हिशेब करा. अशी सात टेबलं आणि शाळा द्विशिक्षकी. अंगणवाडीताई धरल्या तरी माणसं तीनच होतात. म्हणजे निम्म्याहून जास्त टेबलं पालकांच्याच हाती असतात. इतर कार्यक्रमांत पालक सतरंज्या घालतात, पाणी देतात, जेवण वाढतात. इथे ते मुलाकडे पाहून नोंदीत भर घालतात. त्यांची नोंद चुकली तर विकासपत्र चुकतं.

ती चुकते कशी, हेही ठरलेलं आहे. समोर दोन चेंडू आहेत. बाई विचारतात, ‘मोठा कोणता?’ मूल गप्प. टेबलावरच्या ताईंना राहवत नाही. त्या मोठ्या चेंडूकडे बघतात, मान किंचित हलवतात, नाहीतर सरळ म्हणतात, ‘सांग की रे, हा ना?’ मूल ‘हो’ म्हणतं आणि पत्रात ‘येतं’ अशी खूण होते. हेतू चांगला असतो, आपल्या वाडीतलं मूल कमी दिसू नये एवढाच. पण पुढचे काही आठवडे त्या मुलाकडून लहान-मोठ्याचा सराव कोणी करून घेत नाही, कारण कागदावर ते त्याला येत असतं. त्यामुळे मेळाव्यातलं सगळ्यांत अवघड काम म्हणजे हात आणि तोंड आवरून थांबणं. ज्या आईला किंवा आजीला ते जमलं, तिला ते तुम्हाला जमलं असं सांगायला हवं. नाहीतर तिच्या लेखी तिने काहीच केलेलं नसतं, ‘मी नुसती बसले होते’ असंच ती म्हणते.

चांगल्या आभाराच्या चिठ्ठीचा उपयोग इथे होतो. तिचा कच्चा माल मेळावा चालू असतानाच गोळा करावा लागतो. दोन दिवसांनी आठवायला बसलं की पुढे-पुढे करणारी माणसंच आठवतात. टेबलावर कोणी कधी बसायचं याचा जो कागद शाळेने केलेला असतो, त्याच्याच पाठीवर फिरता-फिरता अर्धी-अर्धी ओळ टिपली तरी पुरते : ‘चिंचोके, आजी, उत्तर सांगितलं नाही.’ टेबलांवर न बसलेल्यांसाठी खाली जागा ठेवावी. पहाटे अंगण झाडणारी, ताडपत्री बांधणारा, रडणाऱ्या मुलाला बाहेर फिरवून आणणारी अशी माणसं त्यात येतात. नावं कशी लिहायची तेही तिथेच विचारून घ्यावं. शाळेत बाईला सगळे ‘अमक्याची आई’ म्हणूनच ओळखतात, चिठ्ठीत मात्र तिचं स्वतःचं नाव हवं. ‘सौ.’ लावण्यापेक्षा सगळ्यांना ‘ताई’ बरं. घरी काय परिस्थिती आहे ते आपल्याला माहीत असतंच असं नाही.

अशा टिपणांवरून लिहिलेली चिठ्ठी साधारण कशी होईल, त्याचा हा नमुना. नावांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत.

‘नमस्कार. काल आपल्या शाळेत पहिलीला येणारी १४ मुलं सगळ्या टेबलांवर जाऊन आली. आम्हा दोघा शिक्षकांना आणि अंगणवाडीताईंना हे एकट्याने झेपलं नसतं. कोणी काय केलं ते सगळ्यांना कळावं म्हणून लिहिते आहे.

……ताई नोंदणीला बसल्या. प्रत्येक जन्मतारीख त्यांनी दाखल्यावरून पाहून लिहिली, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी कोणाला पुन्हा कागद घेऊन यावं लागणार नाही.

रेषेवरून चालताना एक मूल मध्येच थांबलं. ……ताईंनी त्याचा हात धरला नाही. त्या रेषेच्या टोकाला जाऊन बसल्या आणि ते आपलं आपण चालत आलं.

……आजींनी चिंचोक्यांच्या टेबलावर सगळ्या मुलांना पुरेसा वेळ दिला आणि उत्तर एकालाही सांगितलं नाही. त्यामुळे त्या टेबलावरच्या नोंदी आम्हाला निर्धास्तपणे धरता येतात.

चित्र दाखवल्यावर मुलं बोलेनात, तेव्हा ……ताईंनी चित्रातल्या कोंबडीचा आवाज काढला. मग कोणाच्या घरी किती कोंबड्या आहेत, ते सगळ्यांनी सांगितलं.

……भाऊंनी सकाळी सहाला ताडपत्री बांधली आणि त्या दिवशीची मजुरी सोडली. अकरानंतर ऊन चढलं तरी मुलं सावलीत होती.

तुम्हा सगळ्यांचे आभार.

तुमच्या शाळेतल्या बाई’

या चिठ्ठीत विशेषणं जवळपास नाहीत. प्रत्येक परिच्छेदात एक माणूस, त्याने केलेली एक गोष्ट आणि तिच्यामुळे मुलांचं काय झालं, एवढंच आहे. ‘आजींनी उत्तर सांगितलं नाही’ हे वाक्य सगळ्या वस्तीने वाचलं की माता गटात बसलेल्या बाकीच्या आयांनाही कळतं, शाळेला काय हवं आहे ते. कोंबडीच्या आवाजाचं वाचून कोणी तरी तो घरी काढून बघते. हीच गोष्ट पालकांच्या सभेत सूचना म्हणून सांगितली असती, तर ‘आम्हाला शिकवतात’ असं वाटलं असतं. आभारातून ती पोचते आणि कोणाला लागत नाही.

चिठ्ठीत काय नाही, तेही पाहण्यासारखं आहे. रेषेवर थांबलेल्या मुलाचं नाव नाही, कारण कोणाच्या मुलाला काय आलं नाही हे ग्रुपवर सांगायचं नसतं. याच कारणासाठी विकासपत्र हातात धरलेल्या मुलांचे फोटोही तिथे टाकू नयेत. नोंदणीला गर्दी झाली, मणी कमी पडले, या गोष्टी शाळेच्या बैठकीत बोलायच्या, इथे नाहीत. ‘पुढच्या मेळाव्यालाही असंच यावं’ अशी पुस्ती जोडली की आभार मागणीचा अर्ज होतात, म्हणून तीही नाही. सरपंच आणि केंद्रप्रमुख येऊन गेले असतील तर त्यांना वेगळं पत्र द्यावं. त्यांची नावं वर घातली की मजुरी सोडून आलेला माणूस आपोआप तळाला जातो.

नावं राहून जाण्याचा धोका मात्र नावानिशी लिहिण्यात असतोच. ‘अनवधानाने कोणाचे नाव राहिले असल्यास क्षमस्व’ ही ओळ त्यावरचा उपाय नव्हे, ती वाचून राहिलेल्या माणसाला आपण राहिलो हेच पक्कं कळतं. चिठ्ठी पाठवण्याआधी ती अंगणवाडीताईंना आणि माता गटाच्या प्रमुख ताईंना वाचून दाखवावी. ‘अहो, पाणी भरायला त्या होत्या ना?’ असं त्या लगेच सांगतात. तरीही कोणी राहिलंच, तर त्याच दिवशी ग्रुपवरच दोन ओळींत त्यांचं काम लिहावं. खासगीत सांगून भागत नाही, कारण बाकीच्यांची नावं चारचौघांत आलेली असतात.

चिठ्ठी पोचवायची कशी, हाही प्रश्न आहे. बऱ्याच घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो दिवसभर नवऱ्याबरोबर बाहेर असतो. ग्रुपवरचा संदेश आईपर्यंत पोचेलच याची खात्री नसते. म्हणून ग्रुपवर टाकली तरी तिच्या प्रती काढून घरोघर द्याव्यात. जिला वाचता येत नाही, तिला तिसरी-चौथीतलं घरचं किंवा शेजारचं मूल मोठ्याने वाचून दाखवतं. त्यासाठी वाक्यं लहान आणि अक्षर सुटं हवं. हे सगळं दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी व्हायला हवं. त्यानंतर सुट्टी लागते, लग्नसराई असते, माणसं माहेरी आणि कामाच्या गावाला पांगतात.

शिक्षकांना एवढं वेगळं काम कशाला, असं कोणी म्हणेल. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. कायद्याने पालकांना शाळेच्या कारभारात बसवलं आहे, मग मेळाव्यातलं त्यांचं काम ‘सहकार्य’ या एका शब्दात गुंडाळणं बरोबर नाही. अर्थात, चिठ्ठीने सगळं होतं असंही नाही. ज्या आईला दिवसभर मजुरीला जावं लागतं, तिला आभार मानले म्हणून माता गटासाठी वेळ मिळत नाही. तिच्या मुलाचा सराव वस्तीवरच्या दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावा लागतो. ते कोणाकडे सोपवावं, हेही टेबलांवर कोण कसं वागलं याच्या टिपणांतूनच कळतं.

तेव्हा यंदाच्या मेळाव्यात टेबलांची मांडणी करताना शिक्षकांनी एक कोरा कागद आणि पेन्सिल स्वतःच्या खिशात ठेवावी. आणि पालकांनी आपल्या नावाची चिठ्ठी आली की ती घरात मोठ्याने वाचून घ्यावी.