पंचवीस टक्के हाइक, पण कशावर?

हिंजवडीत काम करणाऱ्या एका तरुणाचे उदाहरण घेऊ. सध्याचा सीटीसी १२ लाख. नव्या कंपनीचे ऑफर लेटर येते १५ लाखांचे. म्हणजे सरळ २५ टक्के हाइक. घरी पेढे येतात, आई शेजारी सांगून येते. वर्षाला ३ लाख वाढले, म्हणजे महिन्याला २५ हजार जास्त, असा तोंडी हिशेबही होऊन जातो.

पहिला पगार खात्यात पडतो, तेव्हा वाढ दिसते सात हजारांच्या आसपास.

कंपनीने फसवलेले नसते. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावरच्या तक्त्यात सगळे लिहिलेले असते. जुन्या १२ लाखांत ११ लाख फिक्स्ड होते आणि १ लाख व्हेरिएबल. नव्या १५ लाखांत १२ लाख फिक्स्ड आणि ३ लाख व्हेरिएबल. म्हणजे वाढलेल्या ३ लाखांपैकी फिक्स्डमध्ये पडला फक्त १ लाख. वाढ भागिले जुनी रक्कम गुणिले शंभर, हे शाळेतलेच सूत्र लावले, तर फिक्स्डची हाइक निघते ९.०९ टक्के आणि व्हेरिएबलची २०० टक्के. दोन्ही एकत्र मोजल्यावर मधला आकडा येतो तो २५.

फिक्स्डमधला तो वाढीव लाखही पूर्ण हातात येत नाही. महिन्याला ८,३३३ रुपये होतात खरे, पण सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. बेसिक फिक्स्डच्या निम्मे आणि पीएफ पूर्ण बेसिकवर असेल, तर वाढीव बेसिकवर कंपनीचा १२ टक्के पीएफ महिन्याला ५०० रुपये, ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी सुमारे २०० रुपये आणि कर्मचाऱ्याच्या वाट्याचा पीएफ आणखी ५०० रुपये. प्राप्तिकर बाजूला ठेवला तरी उरतात ७,१०० च्या पुढेमागे. पीएफ आपलाच असतो हे खरे, पण घराचा हप्ता त्यातून भरता येत नाही.

खरा प्रश्न त्या ३ लाख व्हेरिएबलचा. ऑफर लेटरमध्ये ते शंभर टक्के मिळणार असे धरून लिहिलेले असते. प्रत्यक्षात ते कंपनीच्या नफ्यावर, टीमच्या कामगिरीवर आणि स्वतःच्या रेटिंगवर ठरते. २०२२ साली एप्रिल ते जून या तिमाहीसाठी इन्फोसिसने सरासरी ७० टक्केच व्हेरिएबल दिल्याच्या बातम्या आल्या होत्या. मोठ्या कंपन्यांतही असे होते.

म्हणून तुलना कागदावरच्या दोन सीटीसींची नको, प्रत्यक्ष मिळकतीची हवी. आपल्या तरुणाला जुन्या कंपनीत व्हेरिएबल ९० टक्के मिळत होते, म्हणजे खरी मिळकत ११.९ लाख. नव्या कंपनीने ८० टक्के दिले तर त्याचे होतात १४.४ लाख, हाइक २१ टक्के. ६० टक्के दिले तर १३.८ लाख, हाइक १६ टक्के. काहीच दिले नाही तर १२ लाख, म्हणजे हाइक एक टक्काही नाही.

फिक्स्ड-व्हेरिएबलचे प्रमाण तेच राहिले, तर हा घोळ होत नाही. १५ लाखांत जुन्याच प्रमाणात १३.७५ लाख फिक्स्ड आणि १.२५ लाख व्हेरिएबल असते, तर तिन्हीकडे २५ टक्केच आले असते. एचआरशी बोलताना मागायचा आकडा म्हणजे हा १३.७५.

उलटही घडते. सेल्समधल्या एकीचा सीटीसी १५ लाख, त्यात १०.५ फिक्स्ड आणि ४.५ व्हेरिएबल. नवी ऑफर १५.७५ लाखांची, पण फिक्स्ड १४.२५. सीटीसीवर हाइक जेमतेम ५ टक्के, फिक्स्डवर जवळजवळ ३६. टार्गेट कधीमधीच गाठणाऱ्याला ही ऑफर सोन्यासारखी. पण दरवर्षी टार्गेटच्या पुढे जाऊन दीडपट इन्सेंटिव्ह घेणारी असेल, तर तिची आजची मिळकतच १७.२५ लाख आहे. तिचे नुकसान होईल.

सही करण्यापूर्वी एचआरला तीन गोष्टी ईमेलवर विचाराव्यात. गेल्या तीन वर्षांत या पदाला व्हेरिएबल सरासरी किती टक्के मिळाले? ते महिन्याला, तिमाहीला की वर्षाअखेरी मिळते, आणि वर्षाच्या मध्ये रुजू झालेल्याला किती महिन्यांचे? वाटपाच्या दिवशी नोटीस पिरियडवर असलेल्याला मिळते का? जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो, तो सीटीसीत धरला असेल तर आधी वजा करावा. उत्तर तोंडी मिळाले किंवा टाळले गेले, तर व्हेरिएबल निम्मेच धरून हिशेब करावा आणि मगच जुन्या नोकरीचा राजीनामा लिहावा.