जुन्या संकेतस्थळाची झाडाझडती : कोणते पान ठेवावे, कोणते काढावे?

कंपनीचे जुने संकेतस्थळ नव्या रूपात आणायचे ठरले की, ‘ज्या पानांना वाचक नाहीत ती काढून टाका’ अशी सूचना हमखास येते. मात्र केवळ वाचकसंख्या पाहून घेतलेला हा निर्णय पुढे महागात पडू शकतो.

उदाहरणादाखल बेळगावच्या उद्यमबाग परिसरातील, पाण्याचे पंप बनविणारा एक कारखाना कल्पू. त्याच्या संकेतस्थळावर 180 पाने आहेत. प्रथम त्या सर्वांची यादी करावी लागते. मुखपृष्ठावरून जिथे पोहोचता येते तेवढीच पाने मोजून भागत नाही. कुठूनही दुवा नसलेली पाने सर्व्हरच्या नोंदींत आणि गूगल सर्च कन्सोलमध्ये सापडतात. त्यानंतर प्रत्येक पानापुढे वाचकसंख्या, बाहेरून आलेले दुवे आणि त्या पानाचे काम लिहावे. सर्च कन्सोल 16 महिन्यांची आकडेवारी देते. ती पूर्ण पाहावी. पंपांची विचारणा उन्हाळ्यात वाढते. त्यामुळे केवळ पावसाळ्याचे आकडे पाहिले, तर चांगले पानही निरुपयोगी भासेल.

आता तीन निर्णय पाहू. उत्पादन थांबलेल्या एका पंपाच्या सुट्या भागांचे पान वर्षाकाठी जेमतेम 40 जण पाहतात. पण त्यांच्या विहिरीवर आजही तोच पंप आहे आणि सुटे भाग मागवायला ते याच पानावर येतात. ते पान ठेवावे. फूट व्हॉल्व्हविषयी वेगवेगळ्या वर्षी लिहिलेली तीन पाने एकाच प्रश्नाचे उत्तर देतात. त्यांपैकी सर्वाधिक दुवे असलेल्या पानाचा पत्ता कायम ठेवून इतर दोहोंतील उपयुक्त मजकूर त्यात घ्यावा आणि जुने पत्ते तिकडे वळवावेत. अपाचे सर्व्हरवर त्यासाठी प्रत्येक पत्त्यामागे एक ओळ पुरते :

```
Redirect 301 /foot-valve-tips.html /foot-valve.html
```

जुन्या प्रदर्शनाच्या निमंत्रणाला ना वाचक आहेत, ना दुवे. ते काढून टाकावे आणि त्या पत्त्यावर 410, म्हणजे ‘कायमचे गेले’, असे उत्तर ठेवावे.

नेहमीची चूक घडते ती इथेच. काढलेली सर्व पाने सरसकट मुखपृष्ठाकडे वळविली जातात. सुटे भाग शोधणारा ग्राहक तिथे गोंधळतो, आणि गूगलही अशा पत्त्याला बहुधा ‘सॉफ्ट 404’ ठरवून हरवलेल्या पानातच जमा करते. नवे संकेतस्थळ सुरू झाल्यावर सर्च कन्सोलच्या अहवालात अशा पत्त्यांची संख्या वाढू लागली, तर पत्ते चुकीच्या ठिकाणी वळविले गेले असण्याची शक्यता मोठी, असे समजावे. योग्य रीतीने वळविलेले पत्तेही किमान वर्षभर तसेच ठेवावेत.

एखादे पान नेमके कोणत्या उपयोगाचे आहे, हे मात्र आकडे सांगत नाहीत. म्हणून यादीवर शेवटची खूण करण्यापूर्वी ती विक्री विभागात ग्राहकांचे फोन घेणाऱ्या व्यक्तीला दाखवावी. ‘हे पान मी रोज ग्राहकांना पाठवते,’ एवढे एक वाक्य काढायला निघालेले पान वाचवू शकते.